दूध नासलं कुठे?

कोल्हापूर जिल्ह्याचा पश्चिम भाग म्हणजे डोंगर, ऊस आणि म्हशी. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, गगनबावडा, शाहूवाडी या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवरून रोज पहाटे आणि संध्याकाळी दूध निघतं. ते गावच्या संस्थेत मोजलं जातं, गाडीत चढतं आणि शीतकरण केंद्रावर थंड होऊन मुख्य डेअरीकडे जातं. १९६३ साली स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाने, म्हणजे ‘गोकुळ’ने, याच भूगोलापायी बिद्री, लिंगनूर, तावरेवाडी, गोगवे अशा ठिकाणी शीतकरण केंद्रं उभी केली. चंदगडच्या कोपऱ्यातलं दूध तसंच गरम गोकुळ शिरगावपर्यंत आणायचं म्हटलं तर घाटातच त्याचं दही लागायचं. पुढे त्याच दुधाला टँकरमधून वाशीला, म्हणजे मुंबईच्या दारात जायचं असतं.

या साखळीत सगळ्यांत जास्त भांडण होतं ते एका प्रश्नावरून. केंद्राच्या फलाटावर एखादा कॅन आंबट निघतो. केंद्र म्हणतं संस्थेने पाठवलं तेव्हाच ते बिघडलेलं होतं, संस्थेचा सचिव म्हणतो गाडी उशिरा आली, गाडीवाला म्हणतो केंद्रावर तासभर रांगेत उभा केला. तिघांचंही थोडंथोडं खरं असू शकतं. पण दूध नेमकं कुठे बिघडलं हे बऱ्याच वेळा शोधून काढता येतं. त्यासाठी आधी दुधात काय चालतं ते समजून घ्यायला हवं.

सडातून धार निघते तेव्हा दूध साधारण ३८ अंश सेल्सियसचं असतं. निरोगी जनावराच्या सडातून येताना त्यात जंतू अगदी थोडे असतात. खरी भर पडते ती सडावरचं शेण, हात, चरवी, किटली आणि गाळायचं फडकं यांच्यातून. हे जंतू दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात. ऊबदार दुधात त्यांची संख्या साधारण अर्ध्या तासात दुप्पट होते. मात्र ताज्या दुधाला स्वतःचं थोडं संरक्षणही असतं. त्यातले काही नैसर्गिक घटक जंतूंची वाढ पहिले दोनेक तास रोखून धरतात. हवा उष्ण असेल तर ही सवलत कमी मिळते, गार असेल तर थोडी जास्त. चार अंशांवर दूध नेलं की आंबवणाऱ्या जंतूंची वाढ जवळपास थांबते. ते मरत मात्र नाहीत. शीतकरणाने घाण दूध स्वच्छ होत नाही, जितकं बिघडलं तिथेच ते थोपवलं जातं. म्हणून शीतकरण केंद्रातली यंत्रं कितीही चांगली असली तरी दुधाची प्रत बहुतांशी त्याच्या आधीच्या चार-पाच तासांत ठरून गेलेली असते.

हे चार-पाच तास आकड्यांत मांडून पाहू. समजा एका मार्गावर नऊ गावं आहेत आणि अंतर ३८ किलोमीटर. गाडी रिकामी निघून टोकाच्या गावी जाते आणि तिथून भरत भरत केंद्राकडे परत येते. टोकाच्या गावात एका शेतकऱ्याने पहाटे ५.१५ला धार काढली. दुधात सुरुवातीला दर मिलिलिटरला ४०,००० जंतू होते. गोठा बरा, भांडी धुतलेली असं धरलं तर हा आकडा चांगलाच म्हणायचा. सहाच्या सुमारास त्याने दूध संस्थेत घातलं. सातला संस्थेचा काटा बंद झाला, सव्वासातला गाडी आली. वाटेत आठ ठिकाणी थांबत ती सव्वानऊला केंद्रावर पोचली आणि पावणेदहाला हा कॅन टाकीत रिकामा झाला.

धारेपासून टाकीपर्यंत साडेचार तास झाले. पहिले दोन तास दुधाच्या स्वतःच्या संरक्षणात गेले असं मानू. उरलेल्या अडीच तासांत जंतू पाच वेळा दुप्पट झाले, म्हणजे बत्तीस पट. ४०,०००चे १२ लाख ८० हजार झाले. कच्च्या दुधाची जी भारतीय मानकांची प्रतवारी आहे तिच्यात २ लाखांच्या आत असलेलं दूध उत्तम, १० लाखांपर्यंत चांगलं, ५० लाखांपर्यंत साधारण आणि त्यापुढे निकृष्ट. आपलं दूध ‘साधारण’मध्ये बसलं. काही चुकलेलं नसताना, गाडी वेळेवर असताना.

आता गाडीचं टायर पंक्चर झालं आणि एक तास गेला असं धरा. जंतू आणखी दोनदा दुप्पट झाले आणि आकडा ५१ लाखांवर गेला. दूध निकृष्ट ठरलं, तरी वासाला अजून ते आंबट लागणार नाही. जंतू कोटीच्या आसपास गेले की आम्ल जाणवायला लागतं. म्हणजे दुसऱ्या तासाच्या उशिराने जे दूध फलाटावर नाकाला कळतं, त्याचं वाटोळं पहिल्याच तासात झालेलं असतं.

हाच हिशेब उलटाही मांडता येतो. गाडी वेळेवर आली, पण शेतकऱ्याची किटली नीट धुतलेली नव्हती आणि सुरुवात ४०,०००ऐवजी १ लाख ६० हजारांपासून झाली. तरी शेवटचा आकडा तोच, ५१ लाख. चौपट घाण आणि एका तासाचा उशीर यांची किंमत या मार्गावर सारखीच आहे. फलाटावरच्या भांडणात तिघांचंही थोडंथोडं खरं का असतं ते इथे दिसतं. एकाची घाण आणि दुसऱ्याचा उशीर यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

मार्गाच्या वेळापत्रकात आणखी एक गोष्ट दडलेली असते, आणि ती नव्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. शेवटचं गाव केंद्रापासून चार किलोमीटरवर आहे, म्हणून तिथलं दूध सगळ्यांत ताजं असेल असं वाटतं. पण त्या गावातही धार पहाटे ५.१५लाच काढली आणि संस्था सातलाच बंद झाली, तर ते दूध गाडीची वाट पाहत नऊपर्यंत संस्थेच्या ओट्यावर बसून राहतं. टोकाच्या गावचं दूध गाडीत बसून म्हातारं होतं, शेवटच्या गावचं ओट्यावर बसून. टाकीत पडताना दोघांचं वय सारखंच. अंतराला इथे फारसा अर्थ नाही. महत्त्वाचं आहे ते धार काढल्याची वेळ आणि कॅन रिकामा झाल्याची वेळ यांतलं अंतर. म्हणून मार्ग नीट आखणारा सुपरवायझर प्रत्येक संस्थेची संकलनाची वेळ पुढेमागे करून घेतो. टोकाच्या गावात काटा लवकर सुरू होतो, केंद्राजवळच्या गावात उशिरा. कागदावर हे सोपं आहे. गावात ते सोपं नाही, कारण म्हशीला धारेची वेळ बदललेली चालत नाही, ती पान्हा चोरते. आणि शेतकऱ्याला दूध घालून उसाच्या भांगलणीला किंवा कारखान्याच्या पाळीला जायचं असतं. वेळ पाऊण तासाने मागे न्यायची म्हटली तर संस्थेची मासिक सभा तापते.

गाड्या बहुतेक ठेकेदारांच्या असतात आणि त्यांना भाडं अंतरावर मिळतं. संघ वेळेचं बंधन घालतो, उशिराला दंड लावतो. पण प्रत्येक मार्गावर दूध कमी-जास्त होत राहतं. म्हशी बहुतेक पावसाळ्याच्या शेवटाला आणि त्यानंतर वितात, म्हणून हिवाळ्यात पुष्टकाळ येतो आणि गाडी कॅनांनी खच्चून भरते. उन्हाळ्याच्या कृशकाळात तीच गाडी अर्धी रिकामी धावते. खर्च वाचवायचा म्हणून दोन मार्ग एकत्र केले जातात, नऊ गावांची बारा गावं होतात. तेही नेमकं एप्रिल-मेमध्ये, जेव्हा हवेचं तापमान सर्वांत जास्त असतं आणि दुधाचं संरक्षण लवकर संपतं. वाहतुकीच्या वहीत वाचलेला पैसा मग आंबट दुधाच्या वहीत खर्ची पडतो. या दोन वह्या एकाच टेबलावर क्वचितच उघडतात.

आता कॅनकडे वळू. चाळीस लिटरचा, ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा कॅन केंद्रावर रिकामा झाला की यंत्रात धुतला जातो. आधी साधं पाणी, मग सोड्याचं गरम पाणी, मग वाफ, शेवटी गरम हवा. त्यातली शेवटची पायरी सगळ्यांत दुर्लक्षित. गरम हवेचा पंखा बिघडलेला असेल किंवा घाईत कॅन ओलाच निघाला आणि त्यावर झाकण बसलं, तर तो ओला, कोमट, बंद कॅन संध्याकाळपर्यंत गावात पडून राहतो. तळाशी राहिलेल्या चमचाभर पाण्यात जंतूंची झकास पैदास होते आणि त्यावर संध्याकाळचं ताजं दूध ओतलं जातं. जुन्या कॅनला पोचे पडलेले असतात, जोडावर दुधाचा पांढरा खर चढतो, झाकणाची रबरी चकती भेगाळलेली असते. या सगळ्या जागी ब्रश पोचत नाही. अनुभवी सचिव रिकामा कॅन आला की झाकण उघडून आधी नाक आत घालतो. आंबूस वास आला तर कॅन पुन्हा धुऊन उन्हात पालथा घालतो. कुठल्याही यंत्राशिवाय होणारी ही तपासणी मला सगळ्यांत मोलाची वाटते.

फलाटावरही पहिली तपासणी नाकानेच होते. गाडी लागली की कॅन ओळीने सरकवले जातात, झाकणं उघडतात आणि एक माणूस प्रत्येक झाकणाशी वाकून वास घेतो. झाकण नुकतंच उघडल्यावर आत कोंडलेला वास जसा कळतो तसा नंतर कळत नाही. ज्याबद्दल शंका येते तो कॅन बाजूला काढला जातो. मग त्याची उकळण्याची चाचणी होते. परीक्षानळीत पाच मिलिलिटर दूध घेऊन ती पाच मिनिटं उकळत्या पाण्यात धरायची. काचेवर कण दिसले तर दूध पुढे पाश्चरीकरणाला टिकणार नाही. त्याहून थोडी कडक परीक्षा अल्कोहोलची. दूध आणि अल्कोहोल सारख्या प्रमाणात मिसळल्यावर गुठळ्या धरल्या तर दूध उकळीत अजून फाटत नसलं तरी फाटण्याच्या वाटेवर आहे हे कळतं. ताज्या दुधाची आम्लता साधारण ०.१४ टक्क्यांच्या आसपास असते, म्हशीच्या दुधाची किंचित जास्त. ती ०.२०च्या वर गेली की ही दूषणं दिसायला लागतात.

पण या सगळ्या परीक्षा उशिरा बोलतात. ५१ लाख जंतूंचं आपलं दूध वासात, उकळीत, अल्कोहोलमध्ये बहुधा पास होईल. त्याची खरी अवस्था सांगते ती निळ्या रंगाची परीक्षा. दहा मिलिलिटर दुधात मिथिलीन ब्लू या रंगाचं एक मिलिलिटर द्रावण घालून नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायची आणि निळा रंग किती वेळात उडतो ते पाहायचं. जंतू जितके जास्त तितका प्राणवायू लवकर संपतो आणि रंग लवकर जातो. पाच तास टिकला तर दूध उत्तम, तीन-चार तास टिकला तर चांगलं, अर्ध्या तासात उडाला तर निकृष्ट. अडचण उघड आहे. दूध चांगलं असेल तर निकाल यायला दुपार होते आणि तोवर ते दूध केव्हाच टाकीत मिसळून गेलेलं असतं. म्हणून ही परीक्षा कॅन नाकारायला उपयोगी नाही. ती उपयोगी आहे मार्गाची नाडी पाहायला.

आणि इथे आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळतं. महिन्यातून काही वेळा प्रत्येक संस्थेच्या दुधाची निळी परीक्षा केली आणि निकाल मार्गावार मांडले, तर नक्षी दिसते. एका मार्गावरच्या सगळ्याच संस्थांचा रंग लवकर उडत असेल तर दोष गाडीचा किंवा रांगेचा. फक्त सकाळच्या फेरीत उडत असेल तर सकाळच्या वेळापत्रकात काहीतरी अडतंय. एकाच संस्थेचं दूध वाईट आणि तिच्या अलीकडची-पलीकडची गावं चांगली, तर गाडीला दोष देता येत नाही. मग त्या संस्थेचा काटा किती वाजता उघडतो, दूध ज्या भांड्यात ओतून एकत्र करतात ते कसं धुतात हे पाहायला जायचं. आणि संस्थेच्या सहा कॅनांपैकी एकच वाईट निघाला तर कॅन तरी खराब आहे किंवा त्यात दूध घातलेल्या दहा-बारा घरांपैकी एखाद्याचा गोठा. असं उतरत उतरत घरापर्यंत पोचता येतं. त्यासाठी केंद्राने प्रत्येक कॅनवर संस्थेचा क्रमांक नीट वाचता येईल असा ठेवायला हवा आणि गाडी फाटकात आल्याची वेळ खरी लिहायला हवी. खोटी वेळ लिहिली की सगळा तपास तिथेच संपतो. गाडी सव्वानऊला फाटकात आली पण वहीत कॅन रिकामा झाल्याची वेळ पडली, तर रांगेतला अर्धा तास गाडीवाल्याच्या नावावर जातो.

आंबट दुधाला दर कमी मिळतो आणि फाटलेल्याला त्याहून कमी किंवा काहीच नाही. त्यामुळे दुधात सोडा टाकण्याचा मोह होतो. सोड्याने आम्ल मारलं जातं, वास दबतो, उकळीची परीक्षा पार पडते, जंतू मात्र होते तितकेच राहतात. हे पकडायला रोझॅलिक ॲसिड नावाचा रंग वापरतात. शुद्ध दूध त्याने तपकिरी-नारिंगी होतं, सोडा असेल तर गुलाबी-लाल. ही लबाडी शेतकऱ्यापेक्षा वाटेत जास्त होते असं मी ऐकत आलो आहे. ते स्वाभाविकही आहे, कारण आंबट कॅनचा तोटा ज्याच्या अंगावर येतो तोच सोड्याकडे वळतो.

कॅनच्या प्रवासात आणखी एक नुकसान होतं ज्याचा जंतूंशी संबंध नाही. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, सहा-सात टक्के. कॅन अर्धा भरलेला असेल आणि रस्ता खराब असेल तर दूध घुसळलं जातं आणि लोण्याचे बारीक गोळे वर येतात. तसा कॅन फलाटावर उघडला की नमुना कितीही हलवून घेतला तरी फॅट कमीच लागते, कारण लोणी झाकणाला आणि कडांना चिकटून बसलेलं असतं. दुसरीकडे, ओट्यावर दोन तास शांत उभ्या राहिलेल्या कॅनमध्ये साय वर येते. तळापासून वरपर्यंत न ढवळता वरूनच नमुना घेतला तर फॅट जास्त लागते. गावात ६.८ आणि केंद्रावर ६.४ असा फरक पडला की दोन्हीकडे चोरीचा संशय येतो. उपाय साधे आहेत. कॅन गळ्यापर्यंत भरायचे, उरलेलं दूध लहान कॅनमध्ये घालायचं आणि नमुना घेण्याआधी दांड्याने खालून वर नीट ढवळायचं.

फलाटावरून पास झालेलं दूध मोठ्या केंद्रात क्षणात थंड होतं. पातळ स्टीलच्या पत्र्यांच्या चळतीतून एका बाजूने दूध आणि दुसऱ्या बाजूने एक-दोन अंशांचं बर्फगार पाणी वाहतं, आणि तिशीतलं दूध बाहेर पडताना चार अंशांचं होऊन जाड आवरणाच्या उभ्या टाकीत जातं. तिथून ते आवरण असलेल्या टँकरमध्ये चढतं. चांगल्या टँकरमध्ये मुंबईपर्यंतच्या प्रवासात ते जेमतेम एक-दोन अंशांनी तापतं. साखळीचा हा भाग एकदा बसवला की सहसा दगा देत नाही.

म्हणूनच आता जोर आहे तो गार करण्याची जागा फलाटावरून गावात नेण्यावर. बल्क कूलर म्हणजे आडवी स्टीलची टाकी, तिच्या तळालाच थंडावा देणाऱ्या नळ्या आणि वरून दूध हळूहळू ढवळणारं पातं. पाचशे लिटरपासून पाच हजारांपर्यंत त्याचे आकार असतात. आपल्या टोकाच्या गावात दोन हजार लिटरचा कूलर बसवला तर ५.१५च्या धारेचं दूध सहाला टाकीत पडतं. संरक्षणाच्या दोन तासांच्या आतच ते गार व्हायला लागतं. बत्तीस पटीचा प्रश्नच येत नाही. गाडीऐवजी टँकर येतो, दिवसातून एकदाच, आणि तो नऊला आला काय किंवा अकराला आला काय, फरक पडत नाही.

पण कूलरचे स्वतःचे नियम आहेत आणि ते मोडले की तो कॅनपेक्षा जास्त नुकसान करतो. समजा संध्याकाळचं ९०० लिटर दूध चार अंशांवर आहे आणि सकाळी त्यात बत्तीस अंशांचं १,००० लिटर यायचं आहे. पहिले शंभर लिटर पडले की मिश्रण सातच्या जरा खाली राहतं, ठीक आहे. सगळं दूध एकदम ओतलं तर ते जवळपास एकोणीस अंशांवर जातं, आणि रात्रभर जपलेलं दूधही पुन्हा कोमट होतं. म्हणून सकाळचं दूध सावकाश, यंत्र चालू ठेवून घालायचं. ते हजार लिटर चार अंशांवर आणायला जितकी उष्णता काढावी लागते तितकी काढायला सुमारे ३४० किलो बर्फ वितळवावं लागलं असतं. यंत्राला त्यासाठी साधारण बारा-तेरा युनिट वीज आणि दोन-तीन तास लागतात. नेमक्या त्याच दोन तासांत वीज गेली आणि जनरेटरमध्ये डिझेल नसलं, तर गावभरचं दूध एका टाकीत एकत्र बिघडतं. वाड्यावस्त्यांवर जिथे एकूणच दूध थोडं, तिथे उलटी अडचण येते. दूध पात्यापर्यंत पोचत नाही, ढवळलं जात नाही आणि तळाला गोठतं. दीड-दोनशे लिटरच्या गावाला मोठा कूलर देणं म्हणजे अनुदान वाया घालवणं. अशी तीन-चार गावं मिळून एक कूलर करावा लागतो, आणि मग त्या गावांपुरता पुन्हा कॅनचा छोटा मार्ग आलाच.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे कूलरमध्ये सगळ्यांचं दूध एक होतं. कॅन होते तोवर उतरत उतरत घरापर्यंत पोचता येत होतं. टाकीत एकदा मिसळलं की तो माग पुसला. दगडी झालेल्या, म्हणजे कासदाह झालेल्या गाईला प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं आणि औषधाची मुदत संपण्याआधीच तिचं दूध संस्थेत घातलं, तर औषधाचा अंश हजार-दोन हजार लिटरला लागतो. ते उकळून जात नाही आणि पुढे दह्याचं विरजणही त्याने लागत नाही. म्हणून कूलर असलेल्या संस्थेत प्रत्येक घराचा छोटा नमुना टँकर जाऊन निकाल येईपर्यंत जपून ठेवणं भाग आहे, आणि टाकीत ओतण्याआधीची तपासणी सचिवाला आधीपेक्षा कडक करावी लागते. ओळखीच्या माणसाची किटली परत पाठवणं गावात सोपं नसतं.

शेतकऱ्याच्या हातात दर दहा दिवसांनी जे बिल पडतं त्यावर लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर असतो. यांतला एकही आकडा दुधातल्या जंतूंबद्दल काही सांगत नाही. आंबट होण्याच्या अलीकडचं घाण दूध आणि निर्मळ दूध यांना सारखाच पैसा मिळतो. काही ठिकाणी थंड आणि निळ्या परीक्षेत चांगल्या ठरलेल्या दुधाला वरचे काही पैसे दिले जातात, पण ते संस्थेला मिळतात आणि घरापर्यंत पोचतीलच असं नाही. सड धुऊन, फडकं उकळून, वेळेवर दूध घालणाऱ्या बाईला तिच्या कष्टाचा एक रुपयाही वेगळा दिसत नाही, आणि हे बदलल्याशिवाय सुरुवातीचा ४०,०००चा आकडा खाली येईल असं मला वाटत नाही.

शेवटी थंड दुधाबद्दल. दूध चार अंशांवर आहे म्हणजे कितीही थांबलं तरी चालेल, हा समज केंद्रांवरही आढळतो. आंबवणारे जंतू थंडीत झोपतात, पण थंडीतच वाढणारी दुसरी एक जात असते. ती सावकाश वाढते आणि दूध आंबट करत नाही. ती स्निग्धांश आणि प्रथिनं तोडणारे पाचक स्राव सोडते. पाश्चरीकरणात हे जंतू मरतात, त्यांचे स्राव मात्र मरत नाहीत. ऑगस्ट २०१९च्या महापुरात पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. अशा वेळी केंद्रात तुंबलेलं दूध वासाला गोड असतं, उकळीत फाटत नाही, थर्मामीटर चार दाखवतो. दोन-तीन दिवसांनी रस्ता उघडल्यावर ते पिशवीत भरलं तर कडवटपणा गिऱ्हाइकाच्या चहात कळतो, आणि लोणी किंवा भुकटी केली तर ती साठवणीत लवकर खवट होते. म्हणून जाणता केंद्रप्रमुख टाकीवर तापमानाबरोबर दूध आल्याचा दिवसही खडूने लिहून ठेवतो आणि रस्ता मोकळा झाला की सर्वांत जुनी टाकी पिशवीकडे न पाठवता वेगळी काढतो.